तुटण्याआधीच मोजलेला बंध

मिठाच्या स्फटिकाच्या खिडक्या लावलेल्या नळीत हायड्रोजन क्लोराइड वायू भरायचा आणि तिच्यातून अवरक्त प्रकाश सोडायचा. खिडक्या मिठाच्या, कारण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते. पलीकडे कोणता प्रकाश पोचला आणि कोणता वाटेत नाहीसा झाला हे तपासलं, की वर्णपटात एके ठिकाणी मोठा खड्डा दिसतो. तेवढाच प्रकाश वायूच्या रेणूंनी शोषलेला असतो. त्या ऊर्जेने हायड्रोजनचा अणू आणि क्लोरीनचा अणू एकमेकांजवळ-एकमेकांपासून दूर असे अधिक जोराने हलू लागतात. रेणू कंपनाची एक पायरी वर चढतो.

या खड्ड्याची जागा वर्णपटशास्त्रातले लोक वेव्हनंबरमध्ये सांगतात. एका सेंटीमीटर अंतरात त्या प्रकाशाच्या किती लाटा मावतात, तो हा आकडा. तो ऊर्जेच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणून सोयीचा. रसायनशास्त्रातल्या ओळखीच्या एककात बोलायचं तर सुमारे ८३.६ वेव्हनंबर म्हणजे मोलमागे एक किलोज्यूल. हायड्रोजन क्लोराइडचा मुख्य खड्डा २८८६ वेव्हनंबरला आहे. खरं तर तिथे एकच रेघ नसते. रेणू कंप पावता पावता गरगर फिरतही असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना रेघांच्या दोन फण्या दिसतात आणि नेमक्या मधल्या जागी रिकामी फट असते. नुसत्या कंपनाची ऊर्जा वाचायची ती त्या फटीत. शिवाय क्लोरीनचे अणू निसर्गात दोन वजनांचे सापडतात, म्हणून प्रत्येक रेघेला थोडी बाजूला सरकलेली एक फिकी जोडीदारीण असते. पुढचे सगळे आकडे ३५ वजनाच्या क्लोरीनचे आहेत.

रेणू एका वेळी एकच पायरी चढतो असं नाही. कधीकधी तो एका दमात दोन, तीन, चार पायऱ्याही चढतो. अशा उड्यांनी होणाऱ्या शोषणाला ओव्हरटोन म्हणतात. उडी जितकी मोठी तितकं शोषण झपाट्याने फिकं होत जातं. पहिली दिसायला वायूचा छोटासा थर पुरतो, पण पुढच्यांसाठी प्रकाशाला वायूतून खूप लांबचा प्रवास करायला लावावा लागतो. एका दमात पाच पायऱ्यांची उडी तर अवरक्तातून बाहेर येऊन डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या गडद लाल रंगापाशी, ७४६ नॅनोमीटरला पोचते.

आता या उड्या मोजू. एका पायरीची उडी २८८६. दोन पायऱ्यांची त्याच्या दुप्पट, म्हणजे ५७७२ असायला हवी, पण ती सापडते ५६६८ ला. तीन पायऱ्यांची ८३४७, चारची १०,९२३ आणि पाचची १३,३९६. पाचपट केली असती तर आकडा १४,४३० आला असता. हजाराहून अधिक वेव्हनंबर कमी पडतात आणि ही मोजणीतली चूक नव्हे. एका आकड्यातून आधीचा वजा केला की प्रत्येक पायरीची उंची मिळते: २८८६, २७८२, २६७९, २५७६, २४७३. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बुटकी आहे आणि ही घट जवळजवळ सारखी, दर वेळी १०३ च्या आसपास.

ही घट का होते, ते सावकाश पाहायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

पाठ्यपुस्तकात दोन अणूंच्या मध्ये स्प्रिंग काढलेली असते. आदर्श स्प्रिंगचा एक विशेष गुण असा, की तिला थोडं ताणा किंवा जास्त ताणा, एक हेलकावा पुरा व्हायला वेळ तेवढाच लागतो. जास्त ताणलं तर अंतर वाढतं, पण त्याच प्रमाणात खेचही वाढते. हिशेब बरोबर जुळतो. पण अशी स्प्रिंग कधीच तुटत नाही. जितकी ताणाल तितकी ती अधिक जोराने परत खेचते. खरा रासायनिक बंध असा नसतो. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन अणूंची आवडती जागा एकमेकांपासून १.२७ अँगस्ट्रॉमवर असते. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. त्याहून जवळ आणू गेलं तर इलेक्ट्रॉनांचे ढग आणि अणूंचे धन भाराचे गाभे एकमेकांना जोरात लोटतात. ती भिंत उभी, कडक असते. लांब नेऊ गेलं तर सुरुवातीला खेच वाढते, पण अणूंना जोडून धरणारा इलेक्ट्रॉनांचा वाटा अंतराबरोबर विरळ होत जातो. मग खेच कमी कमी होते आणि शेवटी जवळपास संपते. ऊर्जेचा आलेख काढला तर डावीकडे कडा, मध्ये दरी आणि उजवीकडे हळूहळू सपाट होत जाणारं पठार दिसतं. पठारावर पोचलेले अणू पुन्हा परत येत नाहीत.

या दरीत जोराने हेलकावणारा अणू डावीकडच्या कड्यावर आपटून लगेच वळतो. उजवीकडे मात्र तो लांब जातो आणि तिथे त्याला परत खेचणारं बळ दुबळं असतं. तिथे तो रेंगाळतो. ऊर्जा जितकी जास्त, तितका हा रेंगाळण्याचा वेळ जास्त. उंच उंच नेलेल्या झोपाळ्याचं असंच होतं. हलक्या झोक्यांना सारखाच वेळ लागतो, पण झोका खूप उंच गेला की टोकाला तो घटकाभर थबकल्यासारखा वाटतो आणि फेरी लांबते.

इथे क्वांटम यांत्रिकी मदतीला येते. त्यातला एक जुना आणि फार उपयोगी नियम असा, की शेजारच्या दोन पातळ्यांमधलं अंतर त्या उंचीवर हेलकावे जितके वेगाने होतात त्याच्या प्रमाणात असतं. आदर्श स्प्रिंगमध्ये हा वेग कुठेच बदलत नाही, म्हणून पायऱ्या सारख्या. खऱ्या बंधात वर गेलं की हेलकावा मंदावतो, म्हणून पायऱ्या बुटक्या होतात. पठाराच्या काठावर तर एका हेलकाव्याला अंतच राहत नाही, आणि तिथे पायरीची उंची शून्यावर येते. पायरीची उंची म्हणजे त्या उंचीवरच्या बंधाची नाडी, असं मला वाटतं. ती कुठे थांबते हे समजलं, की बंध कुठे तुटतो ते समजलं.

विघटन ऊर्जा काढण्याची कल्पना इथूनच निघते. तळाच्या पायरीपासून पठारापर्यंतची उंची म्हणजे रेणू तोडायला लागणारी ऊर्जा. ही उंची म्हणजे सगळ्या पायऱ्यांच्या उंचींची बेरीज. पण सगळ्या पायऱ्या दिसत नाहीत. हायड्रोजन क्लोराइडमध्ये आपण पाच मोजल्या. उरलेल्यांचं काय? घट ठरावीक असेल तर त्या न पाहताही मांडता येतात.

ही पद्धत १९२६ साली बर्कलीमध्ये रेमंड बर्ज आणि हर्था स्पोनर यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडली. स्पोनर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. ग्योटिंगेनला जेम्स फ्रांक यांच्या विभागात काम करत असताना रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत आल्या होत्या. प्रयोगशाळेत बाईला जागा मिळणंच दुर्मीळ असण्याचा तो काळ होता. पुढे नाझी सत्तेत आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली. आधी ऑस्लो, मग १९३६ पासून अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. दोन अणूंच्या रेणूंवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आजही ‘बर्ज-स्पोनर’ हे जोडनाव असतं. त्यातल्या दुसऱ्या नावामागची बाई मात्र फार थोड्यांना माहीत असते.

पद्धत अशी. आलेखाच्या आडव्या रेषेवर पायरीचा क्रमांक, उभ्या रेषेवर पायरीची उंची. ठिपके मांडायचे, त्यांच्यातून रेघ ओढायची आणि ती शून्याला मिळेपर्यंत पुढे न्यायची. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विघटन ऊर्जा. हायड्रोजन क्लोराइडवर करून पाहू. पहिली पायरी २८८६, घट दर वेळी १०३. मग २८ पायऱ्यांनंतर उंची शून्याला टेकते. शेवटची पायरी १०५ ची उरते. पहिली आणि शेवटची यांची सरासरी सुमारे १४९५. तिला २८ ने गुणलं की बेरीज ४१,९०० च्या आसपास येते, म्हणजे मोलमागे सुमारे ५०१ किलोज्यूल.

हे उत्तर खरं की खोटं, हे वेगळ्या वाटेने तपासता येतं. हायड्रोजनच्या रेणूचा बंध तोडायला मोलमागे ४३२ किलोज्यूल लागतात, क्लोरीनच्या रेणूचा तोडायला सुमारे २३९. हायड्रोजन क्लोराइडच्या एका रेणूत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, म्हणजे २१६ आणि १२०. या दोन वायूंपासून एक मोल हायड्रोजन क्लोराइड तयार होताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, तीही परत द्यावी लागेल. तिन्हींची बेरीज ४२८. वर्णपटातून नेमकी मोजलेली ऊर्जा आहे ३५,७६० वेव्हनंबर, म्हणजे तेवढीच. आपल्या रेघेने ती सतरा टक्के जास्त दाखवली.

सतरा टक्के ही काही लहान चूक नाही. तरी ती हातात घेऊन बघण्यासारखी आहे, कारण ती कोणत्या बाजूला झाली यातच बरंच काही कळतं. उत्तर जास्त आलं, याचा अर्थ खऱ्या पायऱ्या आपल्या रेघेपेक्षा लवकर संपतात. घट नेहमी १०३ च राहत नसणार, पुढे ती वाढत असणार. पण पाच पायऱ्यांवरून हे दिसत नाही, तिथे घट अगदी इमानदारीने सारखीच होती. पूर्ण शिडी दिसणारा रेणू हवा.

असा रेणू म्हणजे साधा हायड्रोजन. त्याचे दोन्ही अणू सारखे असल्यामुळे तो अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषत नाही. पण विजेच्या झोताने उत्तेजित केलेला हायड्रोजन अतिनील प्रकाश बाहेर टाकतो आणि उत्तेजित अवस्थेतून तळाच्या अवस्थेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उतरतो. त्या रेघांमधल्या फरकांवरून सगळ्या पायऱ्या मोजता येतात. गेरहार्ड हर्झबर्ग आणि एल. एल. हाऊ यांनी १९५९ साली त्या शेवटपर्यंत मोजून काढल्या. तळाची पातळी धरून पंधरा पातळ्या, म्हणजे चौदा पायऱ्या.

पहिल्या काही पायऱ्या अशा: ४१६१, ३९२६, ३६९५, ३४६८, ३२४२. घट २३५, २३१, २२७, २२६. घट थोडी कमीच होत जाते. इथपर्यंत पाहणाऱ्याला रेघ अगदी सरळ वाटेल, किंबहुना ती थोडी वर वळेल अशीच शंका येईल. या पाच पायऱ्यांवरून सरासरी घट २३० धरली, तर रेघ एकोणीस पायऱ्या सांगते आणि विघटन ऊर्जा ३९,७०० च्या आसपास. खरी आहे ३६,११८. पुन्हा दहा टक्के जास्त.

आता पुढे पाहू. सहाव्या पायरीपासून घट पुन्हा वाढू लागते: २२८, २३२, २३९, २५०. मग २६७, २८९, ३२२, ३६६ आणि शेवटी ४२७. शेवटची पायरी केवळ ६२२ वेव्हनंबरची उरते. चौदाव्या पायरीवर पोचल्यावर पठार फक्त १४५ वेव्हनंबर वर आहे आणि तिथे आणखी एक पायरी मावत नाही. आलेखावर हे ठिपके आधी सरळ चालतात आणि मग खाली झुकतात. खालच्या पायऱ्या दरीचा तळ कसा आहे ते सांगतात, वरच्या पायऱ्या पठाराचा काठ कसा आहे ते. तळावरून काठाचा अंदाज बांधला की असं होतं.

घट अशी का वाढते? सरळ रेघ कोणत्या दरीला लागू पडते हे माहीत आहे. फिलिप मॉर्स यांनी १९२९ साली दरीचा एक सोपा गणिती आकार सुचवला. त्यात घट शेवटपर्यंत नेमकी सारखी राहते. मॉर्सच्या दरीत खेच अंतराबरोबर ठरावीक गुणोत्तराने कमी होत जाते आणि उजवा उतार एका विशिष्ट चालीने पठाराला मिळतो. खऱ्या हायड्रोजनमध्ये दोन इलेक्ट्रॉनांची एकत्र वस्ती मधल्या अंतरावर त्याहून लवकर मोडते. दरीची उजवी बाजू तिथे मॉर्सच्या आकारापेक्षा अधिक चटकन पठाराला टेकते. पठार अपेक्षेपेक्षा खाली भेटतं आणि वरच्या पायऱ्या दाटीने चेपल्या जातात.

इथे एक बारकावा सांगायला हवा. तळाची पातळी दरीच्या अगदी तळाशी नसते. क्वांटम यांत्रिकीत रेणू कधीच पूर्ण स्थिर नसतो, सगळ्यात खालच्या पायरीवरही थोडी हालचाल उरतेच. हायड्रोजन क्लोराइडमध्ये ही शून्यबिंदू ऊर्जा १४८३ वेव्हनंबर आहे. म्हणून प्रयोगात मोजलेल्या विघटन ऊर्जेत ती मिळवली की दरीची पूर्ण खोली मिळते, ३७,२४०. कुणी आकडा सांगितला की कोणता, तळापासूनचा की पहिल्या पायरीपासूनचा, हे विचारून घ्यावं. हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्युटेरियम यांची दरी जवळजवळ तीच, पण जड अणू मंद हलतात आणि दरीत खाली बसतात. त्यामुळे ड्युटेरियमचा रेणू तोडायला ६३० वेव्हनंबर जास्त लागतात.

मग बर्ज-स्पोनर पद्धत कुठे खरी उतरते? जिथे काठापर्यंत जवळ पोचून पाहता येतं तिथे. त्यासाठी आयोडीनसारखा रेणू नाही. म्हणूनच पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगशाळांत आजही हाच प्रयोग करायला देतात. बंद नळीत आयोडीनचे काळपट स्फटिक ठेवले आणि नळी थोडी कोमट केली की जांभळी वाफ भरते. मागे साधा दिवा ठेवून वर्णपटदर्शकातून पाहिलं, तर हिरव्या-पिवळ्या-नारिंगी भागात कंगव्याच्या दातांसारख्या काळ्या पट्ट्या दिसतात. हा हिरवा-पिवळा प्रकाश गिळला गेल्यामुळेच वाफ जांभळी दिसते.

इथे रेणू दृश्य प्रकाश शोषून एका उत्तेजित इलेक्ट्रॉनी अवस्थेत जातो आणि त्या अवस्थेच्या वेगवेगळ्या कंपन-पायऱ्यांवर उतरतो. प्रत्येक पट्टी म्हणजे एक पायरी. उत्तेजित अवस्थेत बंध सैल, दरी रुंद आणि उथळ. तळापाशी पायरी सुमारे १२५ वेव्हनंबरची. जसजसे लाल टोकाकडून हिरव्याकडे सरकाल, तसतशा पट्ट्या एकमेकींना चिकटत जातात आणि ४९९ नॅनोमीटरच्या आसपास त्या एकमेकींत विरघळतात. त्यापुढे निळ्याकडे अखंड शोषण. काठ डोळ्यांनी दिसतो. हायड्रोजन क्लोराइडमध्ये गणिताने गाठावी लागलेली जागा इथे वर्णपटातच उघडी पडलेली असते.

तरी अडचणी आहेतच. वाफ कोमट असल्यामुळे काही रेणू आधीच पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतात. त्यांच्या पट्ट्या मधेमधे घुसतात. त्यांना वेगळं काढलं नाही तर अंतरं कधी लहान, कधी मोठी अशी वेडीवाकडी येतात, आणि तीच चुकीची खूण. दुसरी अडचण पायऱ्यांच्या क्रमांकांची. तळाच्या पायऱ्यांवर उतरणाऱ्या पट्ट्या इतक्या फिक्या असतात की शून्य क्रमांक कुठला हे थेट दिसत नाही. आयोडीनचे जुने क्रमांक कित्येक दशकं एकाने चुकलेले होते आणि १९६० च्या दशकात ते दुरुस्त झाले. मला यातली सुंदर गोष्ट अशी वाटते, की या चुकीने काठाची जागा बदलली नाही. सगळे क्रमांक एकाने सरकवले तरी मोजलेली अंतरं तीच राहतात आणि ती शून्याला जिथे भेटतात ती ऊर्जाही तीच.

तिसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती हायड्रोजनच्या उलट दिशेची आहे. आयोडीनचे अणू जड, त्याची दरी रुंद, त्यामुळे अगदी काठाजवळ पुष्कळ पायऱ्या दाटलेल्या असतात. तिथे अणू एकमेकांपासून इतके दूर असतात की इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत मिसळतच नाहीत. उरते ती तटस्थ अणूंमधली दुबळी खेच. ती अंतराच्या ठरावीक घाताने कमी होते, पण मॉर्सच्या दरीतल्या खेचीपेक्षा कितीतरी सावकाश. म्हणून शेवटच्या पायऱ्या शून्याकडे रेघेसारख्या पडत नाहीत, तर लांब शेपटी सोडत हळूहळू जातात. मधल्या भागातली उताराची रेघ सरळ पुढे नेली तर या शेपटीतल्या पायऱ्या हिशेबातून सुटतात आणि उत्तर कमी येतं. एकाच रेणूत खालून मोजलं तर उत्तर जास्त आणि मधून मोजलं तर कमी, हे दोन्ही होऊ शकतं. आयोडीनच्या उत्तेजित अवस्थेत खालच्या पायऱ्यांवरून सरळ रेघ काढली तर दरीची खोली सुमारे ५१७० येते, प्रत्यक्षात ती ४३८१ आहे.

१९७० मध्ये रॉबर्ट लरॉय आणि रिचर्ड बर्नस्टाइन यांनी शेपटीचाच उपयोग करून घेतला. दूरवरची खेच कोणत्या घाताने कमी होते हे सिद्धांताने आधीच माहीत असतं. आयोडीनच्या या अवस्थेत ऊर्जा अंतराच्या पाचव्या घाताने कमी होते. घात माहीत असेल तर पायऱ्या कशा आखूडत जातील हेही नेमकं सांगता येतं. मग पायरीची उंची जशीच्या तशी न मांडता तिचा योग्य घात काढून मांडला, की शेवटचे ठिपके खरोखर सरळ रेघेवर येतात. काठाजवळच्या मूठभर पायऱ्या पुरतात आणि चूक एक-दोन वेव्हनंबरपर्यंत खाली येते. तळापासूनच्या पायऱ्यांचा इथे काही उपयोग नसतो. त्या मोजल्या नाहीत तरी चालतं.

आयोडीनच्या पट्ट्यांचा काठ अशा रीतीने २०,०४३ वेव्हनंबरला मिळतो. ही काही आयोडीनच्या रेणूची विघटन ऊर्जा नव्हे, आणि १९२० च्या दशकात ग्योटिंगेनला फ्रांक यांच्या लक्षात आलं ते हेच. तसं मानलं तर मोलमागे २४० किलोज्यूल येतात. पण तापलेल्या भट्टीत आयोडीनची वाफ किती प्रमाणात सुट्या अणूंत मोडते, हे माक्स बोडेनश्टाइन आणि श्टार्क यांनी १९१० मध्येच मोजलं होतं आणि त्यातून निघालेला आकडा याहून खूप लहान होता. उत्तेजित रेणू तुटतो तेव्हा त्याचे दोन्ही अणू शांत अवस्थेत नसतात. एक साधा असतो, दुसरा उत्तेजित. उत्तेजित अणूकडे किती जास्त ऊर्जा असते ते आयोडीनच्या अणूच्या स्वतःच्या वर्णपटात वाचता येतं: ७६०३ वेव्हनंबर. ती वजा केली की उरतात १२,४४०, म्हणजे मोलमागे १४८.८ किलोज्यूल, आणि भट्टीतला आकडाही १४९ च्या आसपासच होता.